‘८ब्र’ म्हणजे कोणता महिना?

माझी लेक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. लोवेल नावाच्या जुन्या गिरणगावापासून तिचे घर जवळच आहे. मी तीस वर्षे पुण्यात ज्युनियर कॉलेजच्या मुलांना फ्रेंच शिकवले, ही गोष्ट तिने शेजारी कुणाला तरी सांगितली असावी. कारण मागच्या खेपेला मी तिकडे पोहोचलो आणि चौथ्याच दिवशी पलीकडच्या घरातल्या एक वृद्ध बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक पत्र घेऊन आल्या. वय ऐंशीच्या आसपास. पत्र त्यांच्या आजीचे, वडिलांच्या आईचे. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या एका खेड्यातून आजीने नवऱ्याला पाठवलेले. नवरा तेव्हा लोवेलच्या कापडगिरणीत होता.

रत्नागिरीच्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच बोलणारे लोक क्विबेक आणि आसपासचा मुलूख सोडून अमेरिकेत गेले, त्यातले पुष्कळ या गिरण्यांमध्ये. लोवेलमध्ये त्यांच्या वस्तीला ‘लिट्ल कॅनडा’ म्हणत. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घराघरांतून पुरुष मुंबईला, बोटीवर, पुढे आफ्रिकेत आणि आखातात गेले आणि मागे बायका खताची वाट पाहत राहिल्या, तसेच हे. फरक इतकाच की माझी दादी लिहू शकत नव्हती आणि या बाईंची आजी लिहू शकत होती, तेही कुणी नीट न शिकवता.

बाईंनी पत्रासोबत एक टाइप केलेला कागद दिला. त्यांच्या एका चुलतभावाने पूर्वी केव्हातरी शाळेतल्या फ्रेंचच्या आणि खिशातल्या शब्दकोशाच्या जोरावर केलेले इंग्रजी भाषांतर. त्यावर तारीख होती ६ ऑगस्ट १९१८. त्यात आजीच्या भावाकडे लागलेल्या आगीचा उल्लेख होता, आणि एका लहान मुलीबद्दल एक वाक्य होते, “ती माझी मुलगी आहे.”

हे शेवटचे वाक्य दाखवताना बाई थोड्या थांबल्या. ही मुलगी म्हणजे त्यांची आत्या. पुढे लोवेललाच राहिली, गिरणीत राबली, लग्न केले नाही, भावाची मुले वाढवली. पण तिचे आडनाव आजोबांचे नव्हते, आजीच्या माहेरचे होते. घरात यावर उघड कुणी बोलत नसे. न बोलता सगळ्यांनी एकच अर्थ घेतला होता, की आजीला लग्नाआधी झालेली ही मुलगी. भाषांतराने त्यावर शिक्का मारला. “मला फक्त नीट काय लिहिलंय ते हवंय,” बाई म्हणाल्या. “जे असेल ते.”

पत्र म्हणजे एका घडीचा कागद, चारी बाजू भरलेल्या, शाई तपकिरी झालेली. मधल्या घडीवर कागद झिजला होता. मूळ पत्राला सारखे हात लावणे बरे नाही, म्हणून लेकीच्या स्कॅनरवर ते ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिकट शाई आणि कागदाचा डाग सारखेच दिसतात, रंगीत प्रतीत वेगळे कळतात. मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात पत्र जसेच्या तसे, ओळीला ओळ, चुकांसकट. दुसऱ्यात तेच आजच्या शुद्ध फ्रेंचमध्ये. तिसऱ्यात इंग्रजी. पहिला रकाना पुरा होईपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम मी मोडी शिकताना शिकलो होतो. वाचता वाचता भाषांतर करायला गेले की मन अर्थाच्या मागे धावते आणि डोळा नसलेली अक्षरे पाहू लागतो.

मोडीची आठवण आणखी एका कारणाने आली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ सलग पळते. आजीचेही तसेच होते. दोन-तीन शब्द एका दमात जोडलेले, तर कधी एकच शब्द मधून तोडलेला. पूर्णविराम नाहीत. स्वरांवरच्या खुणा बहुतेक गायब. मोठी अक्षरे मनाला येतील तिथे.

अशा वेळी सुरुवात कुठून करायची? जे आधीच ठाऊक आहे तिथून. आपल्या जुन्या पत्रांत ‘पत्रास कारण की’ आणि ‘येथे सर्व खुशाल’ असते, उर्दू खतात ‘बाद सलाम के मालूम हो’ असते, तशी फ्रेंच खेडुतांच्या पत्रांचीही एक ठरलेली सुरुवात असे. हातात लेखणी घेते ती माझी खबर कळवण्यासाठी, माझी तब्येत देवाच्या कृपेने बरी आहे, तुमचीही तशीच असो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण साचा पक्का. पहिल्या चार ओळींत काय असणार हे मला माहीत होते, म्हणून त्या ओळी माझ्या किल्ल्या झाल्या. त्यांतून आजीचे प्रत्येक अक्षर मी वेगळे काढले आणि एका कागदावर तिची बाराखडी मांडली. तिचा ‘एन’ आणि ‘यू’ हुबेहूब सारखे आहेत. ‘आर’ म्हणजे नुसता एक झोका. शब्दाच्या शेवटच्या ‘एस’ला ती खाली शेपटी देते, त्यामुळे तो ‘एक्स’सारखा दिसू शकतो. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आता तिचे शुद्धलेखन. चुलतभावाने जागोजागी ‘चूक’ असा शेरा मारला होता. पण त्या चुका एका जातीच्या नव्हत्या, आणि कोणती कुठल्या जातीची हे न ओळखता अर्थ लागत नाही.

काही तर चुका नव्हत्याच. ‘ग्रां मॅर’ म्हणजे आजी, हा शब्द तिने मध्ये वरचे स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन लिहिला होता. आज तिथे जोडरेघ लिहितात. पण फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात ती जोडरेघ आणली १९३२च्या आवृत्तीत. १९१८ साली आजीच बरोबर होती.

काही ठिकाणी तिने आपल्या बोलीप्रमाणे लिहिले होते. ‘मी’साठी आजचे पॅरिस ‘म्वा’ म्हणते, ती ‘म्वे’ लिहिते. हा अडाणीपणा नव्हे. क्विबेकला गेलेल्या लोकांनी सतराव्या शतकातला फ्रान्सचा उच्चार सोबत नेला आणि जपला, फ्रान्सने मात्र तो टाकून दिला. ‘आता’ या अर्थी ती ‘अस्तर’ असा एक सबंध शब्द लिहिते. मूळ तीन शब्द आहेत, ‘या घटकेला’ अशा अर्थाचे. ते असे जोडून लिहिण्याची रीत सोळाव्या शतकात मोन्तेन्यसारख्या लेखकाकडेही सापडते. दालदीमधले जुने शब्द ऐकून पुण्याची माणसे हसतात तेव्हा मला नेहमी असेच काहीतरी सांगावेसे वाटते.

उरलेल्या बहुतेक चुका कानाने लिहिण्याच्या. फ्रेंचमध्ये न उच्चारली जाणारी अक्षरे इतकी आहेत की नुसता ‘से’ हा उच्चार ‘हे आहे’, ‘त्याचे’, ‘हे सगळे’, ‘जाणतो’ अशा अनेक अर्थांनी अनेक प्रकारे लिहितात. आजी सगळीकडे एकच स्पेलिंग लिहिते. डोळ्यांनी वाचले तर वाक्य मोडलेले, मोठ्याने वाचले तर स्वच्छ. म्हणून मी संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून ओळ न ओळ मोठ्याने वाचू लागलो. बाईंना फ्रेंच येत नाही, असे त्या म्हणत. पण तिसऱ्या ओळीला त्यांनी मान वर केली. लहानपणी कानावर पडलेले शब्द होते. दोन जागी मी अडलो तेव्हा त्यांनीच आवाज ओळखला.

पहिला पेच तारखेचा. पत्राच्या डोक्यावर सहाचा आकडा, मग आठचा आकडा आणि त्याला चिकटून बारीक तीन अक्षरे, म्हणजे आपल्या लिपीत ‘६ ८ब्र १९१८’. चुलतभावाने आठ म्हणजे आठवा महिना घेतला, ऑगस्ट. कुणीही घेईल. पण जुन्या फ्रेंच लिखाणात ७ब्र म्हणजे सप्टेंबर, ८ब्र म्हणजे ऑक्टोबर, ९ब्र म्हणजे नोव्हेंबर, आणि डिसेंबरला रोमन दहाचे चिन्ह. इथे आकडा महिन्याचा क्रम सांगत नाही, नावाचा आवाज सांगतो. ऑक्टोबरच्या नावातच लॅटिन ‘आठ’ आहे, कारण रोमन लोकांचे वर्ष मूळचे मार्चपासून सुरू होत असे.

पेशवाईतले मराठी कागद वाचणाऱ्याला अशी फसगत ओळखीची असते. शुहूर सन अरबी संख्येत लिहिलेला असतो आणि त्यात ‘समान’ येते. नवखा वाचक त्याचा अर्थ सारखा, बरोबरीचा असा लावतो. वास्तविक तो अरबी आठ.

पण नियम माहीत आहे म्हणून तारीख सिद्ध झाली, असे नाही. सवयीपेक्षा वेगळे लिहिणारी माणसेही असतात. त्यामुळे पत्राच्या आतला पुरावा शोधला. दुसऱ्या पानावर ती लिहिते, आज रविवार आहे. ६ ऑगस्ट १९१८ हा मंगळवार होता, ६ ऑक्टोबर रविवार. पुढे बटाटे काढून झाल्याचे आहे आणि लगेच ‘झले’ पडल्याचे. या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक दहिवर गोठून पडणारे हिम आणि दुसरा जेली. चुलतभावाच्या भाषांतरात आजीने बटाट्यांनंतर जेली केली होती. ऑगस्टमध्ये हिमाचा विचारच त्याच्या मनात येणे शक्य नव्हते. एक चुकीची तारीख पुढच्या शब्दाचाही अर्थ कशी फिरवते ते इथे दिसले.

आणि ऑक्टोबर म्हटल्याबरोबर पत्रातला ‘ग्रिप’ हा शब्द वेगळाच दिसू लागला. भाषांतरात तिथे ‘सर्दी’ होते. १९१८च्या सप्टेंबरात लोवेलपासून फार लांब नसलेल्या कॅम्प डेव्हन्स या लष्करी छावणीत इन्फ्लुएन्झाने शेकडो जवान दगावले. त्याच महिन्यात क्विबेकमध्ये व्हिक्तोरियाविलच्या परिसरात साथ भडकली. आजीचे खेडे त्याच भागातले. नवरा एका साथीत, बायको दुसऱ्या टोकाला त्याच साथीत, आणि मधे आठवडाभराची टपाल. ती तीनदा विचारते, तुम्हाला ताप तर नाही ना. सर्दीसाठी कुणी तीनदा विचारत नाही.

मग ती ओळ. पहिल्या रकान्यात मी ती अशी उतरवली होती, ‘ला पतीत द फो मों फ्रॅर’. ‘लहान मुलगी’, मग ‘ची’, मग ‘फो’, मग ‘माझा भाऊ’. ‘फो’ म्हणजे आग, हे फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला कळते. त्याच्या शेवटी आजीने एक जादा अक्षर लिहिले होते, ते चुलतभावाने ‘एक्स’ वाचले. ‘एक्स’ लावले की आगीचे अनेकवचन होते. झाले, भावाच्या घराला आगी लागल्या.

पण फ्रेंचमध्ये आणखी एक ‘फो’ आहे, उच्चार तोच, स्पेलिंग तेच, कूळ वेगळे. आग लॅटिनमधल्या चुलीच्या शब्दावरून आली. हा दुसरा शब्द नशिबाच्या शब्दावरून, ज्याचे विधिलिखित पुरे झाले तो. मराठीत आपण ‘कै.’ लिहितो, मुसलमान घरात ‘मरहूम’ म्हणतात, अगदी तोच. ‘मरहूम माझ्या भावाची लहानगी.’ दोन्हींतला भेद व्याकरण सांगते. आग असती तर तिच्याआधी उपपद हवे होते. ‘ची’ आणि ‘माझा’ यांच्या मध्ये उघडा बसलेला ‘फो’ हा मरहूमच असू शकतो. शिवाय तिसऱ्या पानावर आजी रात्री शेगडीतली आग विझू देत नसल्याचे लिहिते. तिथे उपपद आहे आणि शेवटी जादा अक्षर नाही. तिच्या मनात हे दोन शब्द वेगळे होते, असे मला वाटते. जादा अक्षराला मी बाराखडीच्या कागदाशी ताडून पाहिले तर तो तिचा शेपटीचा ‘एस’ निघाला. तोही तिथे नको होता, पण त्याने कसली आग लागत नव्हती.

त्याच्या खालची ओळ भाषांतरात ‘ती माझी मुलगी आहे’ अशी होती. मूळात आजीने लिहिले होते, मी तिला घेते ‘कॉम मा फी’. ‘फी’ म्हणजे मुलगी, कानाने लिहिलेली. ‘कॉम’ म्हणजे ‘सारखी’, ‘प्रमाणे’. तिने त्यातला एक ‘एम’ गाळला होता आणि तो शब्द आधीच्या शब्दाला जोडला होता. चुलतभावाने तो न कळून सोडून दिला. एक शब्द सुटला आणि ‘मुलीसारखी’ची ‘मुलगी’ झाली.

हे सगळे समजले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. बाईंना लगेच सांगावे असे फार वाटले, पण सांगितले नाही. झिजक्या कागदावरच्या दोन शब्दांवर एवढी मोठी गोष्ट उभी करणे मला बरे वाटेना. ‘मरहूम भाऊ’ हे माझे वाचन होते, त्याला पत्राबाहेरचा आधार हवा होता.

क्विबेकमध्ये तो मिळण्याची शक्यता चांगली असते. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दोन प्रतींत होई, एक चर्चला राही आणि एक सरकारकडे जाई. १९४०च्या दशकात द्रुएँ या संस्थेने या वह्यांचे मायक्रोफिल्म केले, त्यामुळे आज घरबसल्या पाहता येतात. आणि एक गोष्ट आपल्या फार कामाची. या वह्यांत बाईचे नाव लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने लिहीत. शिवाय तारखा आकड्यांत नाहीत, पूर्ण अक्षरांत असतात, म्हणून ‘८ब्र’ची भानगड नाही.

गावाचे नाव पत्रावर होते. दफनांच्या नोंदींत ऑक्टोबर उघडले तर एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असलेल्या वहीत पानेच्या पाने भरलेली, पाद्रीबाबाचे अक्षर घाईने वाकडे झालेले. तीन ऑक्टोबर, गुरुवार. आजीच्या माहेरचे आडनाव, शेतकरी, वय तिशीच्या आत, मृत्यू आदल्या दिवशी, विधुर. पत्र रविवारचे, आणि पत्रात ‘गुरुवारी’ हा शब्द मी आधी वाचून ठेवला होता, कशाबद्दल ते तेव्हा लागत नव्हते. मागे जाऊन १९१६मध्ये त्याच्या बायकोचे दफन सापडले. आणखी मागे, १९१३मध्ये, मुलीचा बाप्तिस्मा. बाप तोच, आई ती, रीतसर लग्नाची. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातात घेणारी धर्ममाता म्हणून सही कुणाची, तर बाईंच्या आजीची. तीच शेपटी असलेला ‘एस’.

दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढे तिन्ही नोंदींचे छापील कागद आणि वही ठेवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आत्याला हे माहीत होतं का?” मी काय उत्तर देणार. आई-बाप दोघे गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिला माहीत असेलच. तिच्याबद्दल बाकीचे काय समजतात हे मात्र तिला माहीत नसावे, किंवा असावे.

इंग्रजी रकाना त्यानंतर तीन दिवसांत झाला. अडले ते एकाच जागी. आजी नवऱ्याला आदरार्थी ‘व्हू’ने हाक मारते. मराठीत मला क्षणाचाही विचार करावा लागला नसता. ती सबंध पत्र ‘अहो’ म्हणत लिहिते आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मी तळाशी एक ओळीची टीप दिली. पत्राच्या शेवटी मुलासाठी तीन ‘बेक’ पाठवते असे आहे, म्हणजे बाईंच्या वडिलांसाठी, जे तेव्हा बापाबरोबर लोवेलला काकूकडे होते. शब्दकोशात ‘बेक’ म्हणजे चोच. क्विबेकमध्ये पापा. चुलतभावाने तिथे प्रश्नचिन्ह घातले होते, तेवढे त्याचे प्रामाणिक काम मला आवडले.

मीही एक जागा कोरी सोडली आहे. घडीवर, जिथे कागद झिजला, तिथे ‘तिला सांगा की’ असे काहीतरी आहे आणि पुढचे चार-पाच शब्द गेले आहेत. बाईंनी विचारले, अंदाजाने लिहिता येईल का. अंदाज मला होता, पण मी चौकोनी कंस काढून आत काही लिहिले नाही. त्यांनी तो कागद आत्याच्या फोटोमागे चौकटीत ठेवला. जुने भाषांतरही टाकले नाही, त्यावर पेन्सिलीने तारीख बदलून दोन्ही एकत्र ठेवले.